एमए क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रवेशासाठी माझं निवेदन

फॉर्ममध्ये विचारलंय की हाच विषय का, आणि खाली लिहिलंय की आपल्या शब्दांत लिहा, म्हणून बोलते तसंच लिहितेय.

मी सोलापूरची. २०२४ ला मानसशास्त्र घेऊन बीए झाले आणि तेव्हापासून इथल्याच एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. ऐकण्याची टेस्ट ऑडिओलॉजिस्ट मॅडम घेतात, माझं काम म्हणजे नाव लिहून घेणं, पेशंटला त्या बंद केबिनमध्ये बसवणं, हेडफोन नीट लावून देणं आणि काय करायचं ते समजावून सांगणं. हे शेवटचं काम वाटतं तेवढं सोपं नाही, आणि खरं सांगायचं तर मी इथे अर्ज करतेय ते त्याच कामामुळे.

ज्यांनी ही टेस्ट पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवात १००० हर्ट्झच्या टूं आवाजापासून होते, ऐकू आला की बटण दाबायचं, दाबलं की मॅडम आवाज १० डेसिबलने खाली नेतात, नाही दाबलं की ५ ने वर, असं करत करत त्या माणसाला ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज शोधायचा. २५ डेसिबलच्या आत असेल तर साधारण नॉर्मल. आमच्याकडे यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं खूप येतात, शहराच्या पूर्वभागातली, त्यांच्या ग्राफला बऱ्याचदा ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडलेला असतो, कारण सतत मोठा आवाज ऐकला की कान आधी तिथेच मार खातो.

ग्राफ बघायला छान वाटतो, पण मी काचेतून माणसं बघत बसते. काही जण आवाज नसतानाही बटण दाबतात. म्हणून मॅडम मुद्दाम मधेच गप्प राहतात, दोन आवाजांमधलं अंतर कमीजास्त करतात, म्हणजे अंदाजाने दाबणारा लगेच कळतो. आणि काही जण याच्या बरोबर उलट, चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की काहीतरी ऐकू आलंय, भुवया वर जातात, अंगठा बटणावर असतो, पण दाबत नाहीत. एका आजोबांनी तर केबिनमध्ये जायच्या आधीच विचारलं, "पोरी, चुकलं तर?" मी म्हटलं, आजोबा ही परीक्षा नाही, यात चुकायचं काही नाही. तर म्हणाले, "मग शंका आली तर दाबू का नको दाबू?"

यावर मी काय सांगते त्यावर त्यांचा आकडा थोडाफार हलणार असतो. कान तोच, मशीन तेच. शंका आली तरी दाबा म्हटलं तर एक, पक्कं ऐकू आलं तरच दाबा म्हटलं तर दुसरा. बीएला सिग्नल डिटेक्शन थिअरी होती, ग्रीन आणि स्वेट्स, १९६६, परीक्षेपुरती पाठ केली होती की संवेदनक्षमता वेगळी आणि 'हो' म्हणायची तयारी वेगळी. ते पाठ केलेलं माझ्यासमोर रोज खुर्चीत येऊन बसायला लागलं.

आता हे क्लिनिकलमध्ये कुठे येतं? तर मला वाटतं जवळजवळ सगळीकडे. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांतलं विचारतात, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आलं की अजून नीट तपासायला हवं असं धरतात. यातही माणूस बटणच दाबतोय की. 'काही दिवस' म्हणायचं का 'निम्म्याहून जास्त दिवस', हे ठरवताना तो मनात काय मोजतो? सासू शेजारी बसलेली असताना सून झोपेच्या प्रश्नाला जे उत्तर देईल तेच एकटी असताना देईल का? आणि नववा प्रश्न, स्वतःला इजा करायच्या विचारांचा, तो विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी जरी घाई असली तरी लोक पटकन 'छे छे, तसलं काही नाही' म्हणत असतील असा मला संशय आहे. आकडा कमी आला म्हणजे त्रास कमी, का 'हो' म्हणायची तयारी कमी, हे वेगळं कसं काढायचं ते मला शिकायचंय. नुसत्या प्रश्नावलीने ते होणार नाही एवढं मला कळतं, त्यासाठी मुलाखत घेता यायला हवी, आणि ती पुस्तकातून येत नाही, कोणीतरी शेजारी बसून चुका दाखवाव्या लागतात.

मागच्या वर्षी एक अभ्यास वाचला, येल विद्यापीठातला, २०१७ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेला. त्यांनी लोकांना एक चौकटीचं चित्र आणि १००० हर्ट्झचा आवाज, आमच्या टेस्टची सुरुवात होते तोच, असं जोडीने दाखवलं-ऐकवलं आणि मग काही वेळा नुसतंच चित्र दाखवलं. आवाज नसताना तो ऐकू आला म्हणणारे सगळ्याच गटांत होते, पण ज्यांना रोजच्या आयुष्यात इतरांना न येणारे आवाज ऐकू येतात त्यांच्यात जास्त. आणि त्यात असेही लोक होते ज्यांना आवाज ऐकू येतात पण कुठलाही मानसिक आजार नाही. हे वाचून मी बराच वेळ तिथेच अडकले. म्हणजे आवाज ऐकू येणं एवढ्यावरून काहीच ठरत नाही, त्यानंतर माणूस त्या आवाजाचं काय करतो, चित्र आणि आवाजाची जोडी तुटली हे त्याच्या लक्षात येतं का, तिथे फरक पडत असावा. हे नीट समजायला मला न्युरोसायकॉलॉजीही लागेल आणि स्टॅटिस्टिक्सही, दुसऱ्याची मला भीती नाही, पहिल्याची थोडी आहे.

अशा निवेदनात घरातल्या कोणाच्या तरी आजारपणाची गोष्ट असते असं सीनियर मुलींनी सांगितलं होतं. माझ्यात ती नाही. घरी माणसं आहेत, स्वभावही आहेत, एक आत्या कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते, बाबा रागावले की भांडी घासायला घेतात, पण त्यांना बघून मी काही ठरवावं असं त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि तसं करायचं ट्रेनिंगही माझ्याकडे नाही. टीवायला मानसिक आजारांच्या निकषांचं पुस्तक, डीएसएम-५, हातात आलं तेव्हा आमच्या वर्गात आठवडाभर प्रत्येकाला काही ना काही झालेलं होतं, जेवणाच्या सुट्टीत तर ओपीडीच भरायची. मला तेव्हाही त्या यादीपेक्षा 'यामुळे कामात, नात्यांत खरंच अडचण येते का' ही अट जास्त महत्त्वाची वाटली होती, ती सगळे वगळून वाचायचे.

एमए झालं की लगेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही, त्यासाठी पुढचं ट्रेनिंग आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते, हे माहीत आहे आणि तेवढा वेळ द्यायची तयारी आहे. नंतर सोलापुरातच काम करायचा विचार आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातली १२ राज्यं होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्याकडचं बोलताना आपण बाकीच्यांच्या आकड्यांवरून अंदाज लावतो, हे मला तरी खटकतं.

एक छोटी गोष्ट करून पाहिली आहे. सायकोपाय नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर घरच्या लॅपटॉपवर खरखरीच्या आवाजात लपलेला एक आवाज शोधायचा प्रयोग बसवला आणि मैत्रिणींना दोन वेगवेगळ्या सूचना देऊन बसवलं. इयरफोन कॅलिब्रेट केलेले नाहीत त्यामुळे डेसिबलचं काही बोलता येणार नाही, फक्त सूचना बदलली की तीच मुलगी कशी बदलते तेवढंच दिसतं. नावं काढून टाकलेला डेटा माझ्याकडे आहे. दवाखान्यातल्या पेशंटचं काहीही मी वापरलेलं नाही, वापरणारही नाही. इंटरव्ह्यूला बोलावलंत तर लॅपटॉप घेऊन येईन, तुमच्यापैकी कोणी बसायला तयार असेल तर प्रयोग तिथेच लावते.