प्रशीतक आणि उष्णता पंप : कार्यगुणांकावरील सोडवलेली उदाहरणे

यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी

प्रशीतक थंड जागेतून Q_C इतकी उष्णता उचलतो, त्यासाठी बाहेरून W इतके कार्य घेतो आणि गरम जागेत Q_H इतकी उष्णता सोडतो. उष्णता पंपही नेमके हेच करतो. दोघांत फरक आहे तो आपण कशासाठी पैसे मोजतो याचा. प्रशीतकात आपल्याला Q_C हवी असते, उष्णता पंपात Q_H हवी असते, म्हणून दोघांच्या कार्यगुणांकाच्या व्याख्या वेगळ्या होतात:

Q_H = Q_C + W
प्रशीतकाचा कार्यगुणांक = Q_C / W
उष्णता पंपाचा कार्यगुणांक = Q_H / W

पहिल्या समीकरणाला W ने भागले की त्याच यंत्राचा उष्णता पंप म्हणून असलेला कार्यगुणांक प्रशीतक म्हणून असलेल्या कार्यगुणांकापेक्षा बरोबर १ ने जास्त येतो. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या विचारातून दोन तापमानांमधील यंत्राला वरची मर्यादा मिळते:

प्रशीतकासाठी कमाल = T_C / (T_H − T_C)
उष्णता पंपासाठी कमाल = T_H / (T_H − T_C)

येथे तापमान केल्विनमध्येच घ्यावे लागते. तापमानांतील फरक सेल्सिअसमध्ये आणि केल्विनमध्ये सारखाच असल्यामुळे छेद बरोबर येतो, अंश मात्र चुकतो, आणि उत्तर दिसायला ठीकठाक असल्यामुळे ही चूक उत्तरपत्रिकेत शेवटपर्यंत लक्षात येत नाही. पुढील उदाहरणांत ० अंश सेल्सिअस म्हणजे २७३ केल्विन धरले आहे.

उदाहरण १. एका घरगुती फ्रिजच्या आत ४ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि स्वयंपाकघरात ३२ अंश. कॉम्प्रेसर चालू असताना तो १२० वॅट वीज घेतो आणि आतून दर सेकंदाला ३०० ज्यूल उष्णता काढली जाते. कार्यगुणांक, बाहेर सोडलेली उष्णता आणि कार्नो मर्यादेशी असलेले प्रमाण काढा.

उकल. कार्यगुणांक = ३०० / १२० = २.५. बाहेर पडणारी उष्णता ३०० + १२० = ४२० वॅट. मर्यादेसाठी T_C = २७७ केल्विन, T_H = ३०५ केल्विन, म्हणून

कमाल = २७७ / २८ = ९.८९

प्रत्यक्ष कार्यगुणांक मर्यादेच्या सुमारे २५ टक्के आहे. बहुतेक पुस्तकांतील उदाहरण येथे संपते, आणि विद्यार्थ्याच्या मनात असा समज राहतो की फ्रिज बनवणाऱ्याने तीन चतुर्थांश क्षमता वाया घालवली. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण ४ आणि ३२ अंश ही जागांची तापमाने आहेत, शीतकद्रव्याची नव्हेत. उष्णता वाहायची तर तापमानात फरक हवाच. फ्रीझर असलेल्या फ्रिजमध्ये इव्हॅपोरेटरच्या नळ्या −२० अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात, आणि मागच्या कंडेन्सरमधून ३२ अंशांच्या हवेत उष्णता सोडण्यासाठी तेथील द्रव्य साधारण ४५ अंशांना असावे लागते. हीच दोन तापमाने घेतली तर

कमाल = २५३ / (३१८ − २५३) = २५३ / ६५ = ३.८९

आणि २.५ हे त्याच्या ६४ टक्के ठरते. म्हणजे बराचसा तोटा कॉम्प्रेसरमध्ये झालेला नसून नळ्यांच्या आतबाहेरच्या तापमानफरकात झाला आहे. कंडेन्सर भिंतीला चिकटवून ठेवला किंवा त्यावर धूळ बसली तर हा फरक वाढतो, T_H वर जाते आणि तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त वीज लागते. म्हणून प्रश्नात दिलेली तापमाने जागेची आहेत की नळीतील द्रव्याची, हे उकल सुरू करण्यापूर्वीच ठरवा आणि तसे उत्तरात लिहा.

उदाहरण २. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरासारख्या ठिकाणी मासळीसाठी बर्फ पुरवणाऱ्या एका कारखान्यात २४ तासांत १०,००० किलोग्रॅम बर्फ तयार करायचा आहे. पाणी ३० अंशांना मिळते आणि बर्फाच्या लाद्या −५ अंशांना बाहेर काढतात. इव्हॅपोरेटरमधील शीतकद्रव्य −१० अंशांना आणि कंडेन्सरमधील ४० अंशांना आहे. प्रत्यक्ष कार्यगुणांक कार्नो मर्यादेच्या ५५ टक्के धरून लागणारी शक्ती काढा. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९, बर्फाची २.१ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम केल्विन आणि बर्फाची अप्रकट उष्णता ३३४ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम घ्या.

उकल. एका किलोग्रॅममागे काढायची उष्णता तीन टप्प्यांत येते: पाणी ३० वरून ० अंशांपर्यंत थंड करणे, गोठवणे आणि बर्फ −५ पर्यंत नेणे.

४.१९ × ३० + ३३४ + २.१ × ५ = १२५.७ + ३३४ + १०.५ = ४७०.२ किलोज्यूल

Q_C = ४७०.२ × १०,००० / ८६,४०० = ५४.४ किलोवॅट
कमाल कार्यगुणांक = २६३ / ५० = ५.२६
प्रत्यक्ष कार्यगुणांक = ०.५५ × ५.२६ = २.८९
W = ५४.४ / २.८९ = १८.८ किलोवॅट
Q_H = ५४.४ + १८.८ = ७३.२ किलोवॅट

कंडेन्सरचे थंड पाणी किती लागेल हे ठरवताना ७३.२ किलोवॅट घ्यायचे असतात, ५४.४ नव्हे. तीन टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्याकडेही लक्ष द्या. एकूण उष्णतेचा चौथा हिस्साहून अधिक भाग नुसते पाणी थंड करण्यात जातो, म्हणून पाणी सावलीतल्या टाकीत साठवणे हा किरकोळ उपाय नाही.

आता 'टन' या एककाविषयी. प्रशीतनातील एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट; ० अंशांचा एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम, बर्फ २४ तासांत वितळवण्याइतका उष्णतेचा दर. या कारखान्याची क्षमता ५४.४ / ३.५१७ = १५.५ टन निघते, जरी बर्फ १० मेट्रिक टनच तयार होत असला तरी. वजनाचा टन आणि प्रशीतनाचा टन एकच समजून दहा टनांचे यंत्र बसवले, तर मागणी कधीच पूर्ण होणार नाही.

उदाहरण ३. लेहमधील एका घरात २० अंश तापमान राखायचे आहे. घराबाहेर ० अंश असताना भिंती, छत आणि खिडक्यांतून ६ किलोवॅट उष्णता बाहेर जाते, आणि ही गळती आतल्या व बाहेरच्या तापमानांच्या फरकाच्या सम प्रमाणात असते. उष्णता पंपाचा कार्यगुणांक कार्नो मर्यादेच्या २५ टक्के आहे. बाहेर ० अंश आणि −१० अंश असताना लागणारी वीज काढा.

उकल. बाहेर ० अंश असताना

कमाल = २९३ / २० = १४.६५; प्रत्यक्ष = ३.६६
W = ६ / ३.६६ = १.६४ किलोवॅट

बाहेर −१० अंश असताना गळती ६ × ३० / २० = ९ किलोवॅट होते आणि

कमाल = २९३ / ३० = ९.७७; प्रत्यक्ष = २.४४
W = ९ / २.४४ = ३.६९ किलोवॅट

तापमानाचा फरक दीडपट झाला, उष्णतेची गरजही दीडपट झाली, वीज मात्र सव्वादोनपट लागली. याचे कारण सूत्रातच आहे: गरज (T_H − T_C) च्या प्रमाणात वाढते आणि कार्यगुणांक त्याच्याच व्यस्त प्रमाणात घटतो, त्यामुळे W हे फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. थंडी जितकी कडक, तितका पंप दुबळा, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज सर्वाधिक. तरीही −१० अंशांनादेखील ९ किलोवॅट उष्णतेसाठी साध्या विजेच्या हीटरला ९ किलोवॅट लागले असते, आणि येथे ३.६९ पुरतात. यंत्राने थंड हवेतून उष्णता उचलून इमारत उबदार ठेवता येईल, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच सुचवले होते. या उदाहरणातून माझ्या मते सर्वांत उपयोगी बाब ही निघते की घराचे उष्णतारोधन सुधारून गळती कमी केली, तर वीज त्याच प्रमाणात लगेच कमी होते. म्हणून मोठा पंप घेण्याआधी भिंतींकडे पाहावे.

उदाहरण ४. एका विक्रेत्याचा दावा आहे की त्याचे शीतयंत्र −३ अंशांच्या कोठारातून १० किलोवॅट उष्णता काढते, २७ अंशांच्या हवेत सोडते आणि फक्त १ किलोवॅट वीज घेते. दावा तपासा.

उकल. ऊर्जेचा हिशेब जुळतो: १० + १ = ११ किलोवॅट बाहेर पडतील. पहिल्या नियमाला काही आक्षेप नाही, आणि म्हणूनच असे दावे पटण्यासारखे वाटतात. दुसऱ्या नियमाने पाहिले तर

कमाल = २७० / ३० = ९

आणि दाव्यातील कार्यगुणांक १० आहे. एन्ट्रॉपीनेही हेच दिसते: गरम बाजूला ११ / ३०० = ०.०३६६७ आणि थंड बाजूला १० / २७० = ०.०३७०४ किलोवॅट प्रति केल्विन. एकूण बदल −०.०००३७, म्हणजे ऋण. त्यामुळे हे यंत्र अशक्य आहे. दाव्यात कार्यगुणांक ८.५ असता तर तो तत्त्वतः अशक्य ठरला नसता, पण व्यवहारात त्यावर विश्वास ठेवू नये, कारण नळ्यांमधील तापमानफरकाला त्यात जवळपास जागाच उरत नाही.

उदाहरण ५. उदाहरण १ मधील फ्रिज पूर्ण बंद आणि उष्णतारोधित खोलीत दार उघडे ठेवून चालवला, तर खोली थंड होईल का?

उकल. नाही. आतून काढलेली ३०० वॅट उष्णता आणि मागून सोडलेली ४२० वॅट उष्णता एकाच खोलीतील आहेत, त्यामुळे खोली १२० वॅटने तापत राहील.

सरावासाठी

१. दीड टनाचा एक वातानुकूलक पूर्ण क्षमतेवर १.५ किलोवॅट वीज घेतो. खोली २४ अंश, बाहेरची हवा ४० अंश. कार्यगुणांक, बाहेर सोडलेली उष्णता आणि कार्नो मर्यादा काढा.

२. एक उष्णता पंप ५ अंशांच्या विहिरीच्या पाण्यातून ७ किलोवॅट उष्णता घेतो, ३५ अंशांना सोडतो आणि २.५ किलोवॅट वीज वापरतो. कार्यगुणांक आणि त्याचे कार्नो मर्यादेशी प्रमाण काढा.

३. कार्नो चक्रावर चालणाऱ्या प्रशीतकाचा कार्यगुणांक ५ आहे आणि थंड जागा −१३ अंशांना आहे. गरम बाजूचे तापमान किती?

उत्तरे: (१) ३.५२, ६.७८ किलोवॅट, १८.६. (२) ३.८, सुमारे ३७ टक्के. (३) ३१२ केल्विन, म्हणजे ३९ अंश सेल्सिअस.