संख्याशास्त्राच्या अध्यापनात फ्लिप्ड पद्धतीची परिणामकारकता: प्रबंध विषयाचा आराखडा

दादरमधील एका महाविद्यालयाच्या द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेतील दोन तुकड्यांवर हा अर्धप्रायोगिक अभ्यास प्रस्तावित आहे. प्रत्येक तुकडीत सुमारे 60 विद्यार्थी आहेत. प्रवेशानंतर तुकड्या मोडता येत नाहीत. त्यामुळे यादृच्छिक विभागणी शक्य नाही आणि असमतुल्य नियंत्रित गट अभिकल्प निवडला आहे. कोणती तुकडी प्रायोगिक, हे मात्र नाणे उडवून ठरेल.

घटक: सहसंबंध व समाश्रयण. कालावधी: 6 आठवडे. फ्लिप्ड पद्धतीत धडा घरी आणि सराव वर्गात होतो. त्यानुसार प्रायोगिक गट घरी 10 मिनिटांची चित्रफीत पाहून 5 प्रश्न सोडवेल. तासाला गटात उदाहरणे. नियंत्रित गटाला व्याख्यान आणि तीच उदाहरणे गृहपाठ म्हणून. एकूण अभ्यासवेळ समान ठेवणे अत्यावश्यक, नाहीतर फरक पद्धतीचा की जादा सरावाचा, हे कळणार नाही.

शून्य परिकल्पना: पूर्वचाचणीनुसार समायोजित केल्यावर दोन्ही गटांच्या उत्तरचाचणी सरासरीत फरक नाही. परीक्षण सहप्रसरण विश्लेषणाने (α = 0.05), त्याआधी समाश्रयण रेषांचे उतार समान आहेत का, हे तपासले जाईल. परिणाम-आकारही नोंदवला जाईल.

धोके: सकाळी 7 च्या तुकडीत लोकल उशिरा आल्यास उपस्थिती घटते, म्हणून दोन्ही तुकड्यांचे तास लागोपाठ घेतले जातील. चित्रफिती व्हॉट्सअॅपवरून दुसऱ्या तुकडीत पोहोचतीलच. उत्तरचाचणीसोबत याची विचारणा होईल. चित्रफीत न पाहणाऱ्यांना विश्लेषणातून वगळले जाणार नाही. वगळल्यास केवळ मेहनती विद्यार्थी उरतात. शिक्षक एकच असला तरी प्रत्येक बाजूला एकच तुकडी असल्याने पद्धतीचा आणि तुकडीचा परिणाम पूर्णपणे वेगळा करता येत नाही. निष्कर्ष तेवढ्याच मर्यादेत मांडले जातील.