डबल बेल – भाग १: येऊ दे, येऊ दे

उभा व्हिडिओ, ५५ सेकंद. सातारा.
पात्रं: सुनंदामावशी (५८, नुकतीच निवृत्त झालेली एसटी कंडक्टर) आणि तिचा भाचा रोहन (२३).
दोघांना हेल्मेट. चालत्या स्कूटरवरचे संवाद घरी रेकॉर्ड करून वर लावायचे. रस्त्यावर फक्त हॉर्न ऐकू येतात.

०:००–०:०६
घराची गल्ली. स्कूटर चालू आहे, मावशी मागे बसलीय, पण रोहन काही निघत नाही. मावशी पिशवीतल्या स्टीलच्या डब्यावर चमच्यानं दोनदा मारते. टिंग टिंग! स्कूटर निघते.
पडद्यावर अक्षरं: डबल बेल

०:०६–०:२१
मावशी (मोबाइलकडे बघत): सातारा–मेढा–महाबळेश्वर, चोवीस वर्षं कंडक्टर. माझा आणि एसटीचा वाढदिवस एकच, एक जून. एसटीचा १९४८चा, खरा. माझा गुरुजींनी शाळेत लावलेला.
रोहन: म्हणून ३१ मेला निम्मा डेपो रिटायर होतो!
मावशी: पुढं बघ.

०:२१–०:३०
मावशी: रोज एक फेरी, एक किस्सा. दोन टिंग, सुरू. एक टिंग, बंद. किस्सा कुठंही आलेला असो, उरलेला उद्याच्या फेरीत.
रोहन: आणि तिकीट?
मावशी: पेट्रोल तुझं. तेच तिकीट.

०:३०–०:३६
अरुंद बोळ, समोरून टेम्पो. स्कूटर मागं घ्यावी लागते. मावशी उतरते, सीटवर थापा मारायला लागते. थाप, थाप, थाप.
मावशी: येऊ दे, येऊ दे... (हात उचलते. रोहन कचकन ब्रेक दाबतो.)

०:३६–०:५१
पुन्हा स्कूटरवर. मावशीचा चेहरा जवळून. आवाज खाली. मागे फक्त इंजिनाची घरघर.
मावशी: केळघर घाटात असंच. पाऊस, धुकं, पुढं दरड. गाडी मागं घ्यायची. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे माझी थाप. थाप पडतेय तोवर येत राहायचं, थांबली की ब्रेक. मागं कडा आला. मी हात उचलला...
रोहन: मग?
मावशी: पत्र्यावर थाप पडतच राहिली.
इंजिनाचा आवाज एकदम बंद. अर्धा सेकंद शांतता.

०:५१–०:५५
रोहन: म्हणजे? कोण मारत होतं?
टिंग. एकच. स्कूटर थांबते. समोर भाजीचे ढीग.
मावशी (उतरत): मंडई आली. कोथिंबीर बघून घे, कालची जून होती.
पडदा काळा. अक्षरं: पुढची फेरी, उद्या सकाळी ८ वाजता.