३० दिवसांत पहिल्या पानाची हमी: आपल्या प्रस्तावाला उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कूलर विक्री-दुरुस्तीच्या वेबसाइटबद्दल आपण पाठवलेला प्रस्ताव नीट वाचला. सगळ्या पानांची टायटल्स बदलायची, प्रत्येक पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या मेटा टॅगमध्ये ५० कीवर्ड घालायचे, इतर साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या ५०० लिंक तयार करायच्या, ३० दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर येण्याची हमी आणि अर्धे पैसे आगाऊ. या स्वरूपात तो आम्हाला मान्य नाही. टायटल्सचे काम मात्र खरोखर बाकी आहे, म्हणून एका ओळीत नकार न देता सविस्तर लिहीत आहोत.

आमचा दोष आधी सांगतो. साइटवर १४ पाने आहेत आणि १४ही पानांचे टायटल `Home` आहे. गूगलमध्ये `site:` लिहून पुढे आमचा डोमेन टाकला की हे लगेच दिसते. पंपाचे पान कोणते, वाळ्याच्या ताट्यांचे कोणते, हे त्या शब्दावरून ना गूगलला कळते ना गिऱ्हाइकाला. पान कशाबद्दल आहे ते थोडक्यात सांगणे हे टायटलचे काम. ते नीट केले तर योग्य शोधाला योग्य पान पुढे येण्यास मदत होते, आणि यादीत दिसल्यावर माणूस त्यावर बोट ठेवण्याची शक्यता वाढते. टायटलची ताकद एवढीच आहे आणि ती आम्हाला हवी आहे.

आता आपण दुरुस्तीच्या पानासाठी सुचवलेले टायटल पाहू:

```html
<title>कूलर नागपूर | बेस्ट कूलर नागपूर | कूलर रिपेअर नागपूर | स्वस्त कूलर नागपूर | नं. १ कूलर शॉप नागपूर</title>
```

यात ‘नागपूर’ पाच वेळा आणि ‘कूलर’ही पाच वेळा. ‘रिपेअर’ हा एकच शब्द या पानाचा, बाकीचे कुठल्याही पानाला चिकटवता येतील. गूगलने टायटलला अक्षरांची मर्यादा ठेवलेली नाही, पण निकालात जागेच्या रुंदीप्रमाणे ते कापले जाते. मोबाइलवर यातले पहिले काही तुकडेच दिसतील आणि ‘रिपेअर’ कापला जाण्याचीच भीती जास्त. शिवाय असे शब्द कोंबलेले टायटल गूगल बाजूला ठेवून पानावरचे मोठे शीर्षक, दुसरा मजकूर किंवा पानाकडे येणाऱ्या लिंकमधले शब्द वापरू शकते. सप्टेंबर २०२१मध्ये गूगलनेच सांगितले होते की निकालात सुमारे ८७ टक्के वेळा पानाचे स्वतःचे टायटल वापरले जाते. म्हणजे उरलेल्या वेळी निर्णय त्यांचा. जे टायटल दिसेलच याची खात्री नाही, त्यावर क्रमांकाची हमी कशी देणार?

त्याच पानासाठी आम्हाला असे हवे आहे:

```html
<title>नागपुरात कूलर दुरुस्ती: मोटार, पंप, पॅड बदल</title>
<h1>घरी येऊन कूलर दुरुस्ती, नागपूर</h1>
```

गाव एकदा, काम एकदा आणि लोक ज्यासाठी फोन करतात ते तीन भाग. टायटल आणि शीर्षक एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे गूगलला दुसरीकडून शब्द उचलायचे कारण कमी राहते. आमचा मजकूर मराठी आहे, म्हणून टायटलही मराठी आणि देवनागरीत. आपण काही पानांना रोमन लिपीत टायटल सुचवले आहे. पानाची भाषा आणि लिपी एक, टायटलची दुसरी, असे झाले तर गूगल ते बदलू शकते. इंग्रजीत शोधणारे गिऱ्हाईक हवे असेल तर इंग्रजी मजकुराचे वेगळे पान लिहावे लागेल.

टायटलने काय होत नाही, तेही स्पष्ट असावे. वाळ्याच्या ताट्यांच्या पानावर आज दोन ओळी आणि एक फोटो आहे. कोणत्या मापाची ताटी, किंमत किती, बसवून मिळते का, काही नाही. टायटल कितीही चांगले केले तरी त्या पानात शोधणाऱ्याचे उत्तर येणार नाही. ‘कूलर किंमत’ असे नुसते शोधल्यावर मोठ्या विक्री-साइट समोर असतात, त्यांना टायटलच्या जोरावर मागे टाकता येणार नाही. आणि हिंगण्याहून ‘जवळचे कूलर दुरुस्ती’ शोधणाऱ्याला नकाशासह जी दुकाने दिसतात, ती शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची ओळख यांवर ठरतात. नागपूरच्या महाल भागातले आमचे दुकान टायटल बदलून हिंगण्याला जाणार नाही. गूगलच्या नकाशावरच्या आमच्या दुकानाच्या प्रोफाइलच्या नावात ‘बेस्ट कूलर रिपेअर’ जोडण्याची आपली सूचना तर मुळीच नको. पाटीवर आहे तेच नाव तिथे लागते, जादा शब्द घातले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. ऐन उन्हाळ्यात ते परवडणारे नाही.

मेटा कीवर्ड गूगल क्रमांकासाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९मध्येच जाहीर केले आहे. ५०० लिंकही नकोत. क्रमांकासाठी तयार केलेल्या लिंक गूगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहेत. कारवाई झाली तर ती आमच्या डोमेनवर होईल आणि आपला करार तोवर संपलेला असेल.

हमीबद्दल. पहिले पान कोणत्या शब्दांसाठी, हे प्रस्तावात एकाच ठिकाणी लिहिले आहे: ‘वुडवूल पॅड डेझर्ट कूलर शॉप महाल नागपूर’. असे कोणी शोधत नाही, त्यामुळे तिथे पहिल्या पानावर येणे सोपे आणि निरुपयोगी. पैसे देऊन दाखवलेली जाहिरातही पहिल्याच पानावर असते, ती या हमीत धरली आहे का, हेही लिहिलेले नाही. क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगते. टायटल बदलल्यावर गूगलने पान पुन्हा वाचायलाच काही दिवस ते काही आठवडे लागतात. साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमधून तशी विनंती करता येते, पण तिने तारीख पक्की होत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. काम फेब्रुवारीत सुरू करून मार्चअखेर आकडे दाखवायचे, असे आपण लिहिले आहे. नागपुरात मार्चमध्ये ऊन तापले की कूलरचा शोध आपोआप वाढतो. हात न लावलेल्या साइटचेही क्लिक वाढतील. म्हणून तुलना फेब्रुवारीशी न करता मागच्या वर्षीच्या मार्चशी करावी. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे ते शक्य आहे. तीही पानवार आणि शब्दवार हवी. सगळ्या साइटचे सरासरी स्थान पाहिले तर दुकानाच्या नावाने येणारे शोध त्यात मिसळतात आणि चित्र बिघडते.

आपली तयारी असेल तर काम असे द्यायला आम्ही तयार आहोत. १४ पानांचा एक तक्ता करावा: पानाचा वेब पत्ता, जुने टायटल, नवे टायटल, शीर्षक, बदलाची तारीख. ज्या पानात मजकूर कमी आहे तिथे काय जोडायचे तेही त्यात लिहावे, माहिती आणि मापे आम्ही देऊ. तक्ता आम्ही मंजूर केल्याशिवाय साइटवर बदल करू नये. सर्च कन्सोलमध्ये आपल्याला आकडे पाहण्यापुरता मर्यादित प्रवेश मिळेल, मालकी आमच्याकडेच राहील. सगळी पाने बदलून, तपासून झाल्यावर पूर्ण रक्कम एकरकमी देऊ. क्रमांकाची अट आम्ही घालणार नाही, आपणही हमी लिहू नये.

या कामाचा वेगळा दर शुक्रवारपर्यंत कळवावा. उन्हाळ्याची गर्दी सुरू होण्याआधी तक्ता हातात हवा आहे.

आपले,
वेबसाइट व विक्री विभाग
कूलर विक्री व दुरुस्ती, महाल, नागपूर