वार्षिक तासांवर आधारित नोकरीचा करार

ठिकाण: नागपूर. दिनांक: १ ऑक्टोबर २०२६.

हा करार कळमना भागातील संत्रा प्रतवारी व पॅकिंग केंद्र (पुढे ‘केंद्र’) आणि हजेरीपटावर सही करणारे प्रतवारी कामगार (पुढे ‘तुम्ही’) यांच्यात आहे. मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत.

१. वर्षाचे काम २,०८० तास. त्यात पगारी रजा व सणांच्या सुट्ट्या धरल्या आहेत, मारबतीची सुट्टीही. सुट्टीच्या दिवशी वेळापत्रकात जेवढे तास होते, तेवढे खात्यात जमा होतील.

२. अंबिया बहारात (२ नोव्हेंबर ते १७ जानेवारी) आणि मृग बहारात (१५ फेब्रुवारी ते १८ एप्रिल) आठवड्याला ४८ तास, सहा दिवस. एरवी ३५ तास, पाच दिवस. मे महिन्यात काम सकाळी ६ ते १.

३. पगार दरमहा १८,२०० रुपये, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत बँकेत. तास कमी-जास्त झाले तरी रक्कम तीच. तासाचा दर १०५ रुपये. लागू किमान वेतन यापेक्षा वाढले, तर फरक त्याच महिन्यात मिळेल.

४. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढचे काम म्हणजे ओव्हरटाइम. तो दुप्पट दराने, म्हणजे तासाला २१० रुपयांनी, त्याच महिन्यात दिला जाईल. वर्षाच्या खात्यात तो ढकलायचा नाही.

५. पाळीतला बदल सात दिवस आधी फळ्यावर लागेल. ऐनवेळी बोलावले तर नाही म्हणायची मुभा आहे. तुम्ही आलात आणि मालाची गाडीच आली नाही, तर किमान चार तास धरले जातील.

६. दर महिन्याच्या पगारचिठ्ठीवर झालेले तास व शिल्लक छापली जाईल. चूक दिसल्यास पंधरा दिवसांत मुनीमजींना सांगा.

७. वर्षअखेरचा हिशेब १५ ऑक्टोबर २०२७ पर्यंत होईल. वाद बहुधा इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहिले आहे. २,०८० च्या वर गेलेल्या तासांचे तासाला १५७.५० रुपये मिळतील. तास कमी भरले आणि कारण केंद्राकडे काम नसणे हे असेल, तर ती तूट केंद्राची. तुमच्याकडून काही कापले जाणार नाही, पुढच्या वर्षावरही चढणार नाही. तुमच्या बिनपगारी गैरहजेरीने तूट आली, तर १०५ रुपयांच्या दराने ती तीन समान हप्त्यांत वळती होईल. आजारपणाची दाखल्यासह रजा गैरहजेरी नव्हे.

८. मध्येच नोकरी सोडली तर त्या दिवसापर्यंतचा हिशेब होईल. समजा, ३१ जानेवारीला तुम्ही निघालात आणि ७६० तास भरले आहेत. कमाई ७९,८०० रुपये, चार महिन्यांचा पगार ७२,८०० रुपये. म्हणजे केंद्राकडून ७,००० रुपये येणे. उलट उचल जास्त असेल तर ती शेवटच्या पगारातून वळती होईल. पण केंद्राने स्वतः काढून टाकले, तर वसुली नाही.

९. कराराची सही-शिक्क्याची एक प्रत प्रत्येकाला आजच दिली आहे.