सीझन संपला, थकवा नाही

गेले काही महिने मी कुठे दिसले नाही, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. सगळ्यात आधी सांगते, मी बरी आहे. कामावर जातेय, जेवतेय, झोपतेय. पण मधला काळ जड गेला. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो ओळखीचा वाटेल, म्हणून लिहितेय.

मी द्राक्ष निर्यातीच्या कामात आहे. दिंडोरी, निफाडचा माल, पिंपळगावकडचं पॅकहाऊस, आणि माझ्याकडे कागदपत्रांपासून कंटेनर सुटेपर्यंतचं सगळं. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे दिवस-रात्र एक होते. सकाळी बागेत माल तुटतो, दुपारपर्यंत पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत भरला जातो, मग माल गार करायचं प्रीकूलिंग, आणि रात्री कंटेनर न्हावाशेवा बंदराला निघतो. द्राक्षांत फवारणीच्या औषधांचा अंश किती उरलाय ते सांगणारा रेसिड्यू रिपोर्ट यायला उशीर झाला की बागायतदाराचा फोन, खरेदीदाराचा मेल आणि ड्रायव्हरचा मिस्ड कॉल एकाच वेळी. हे मला आवडतं. अगदी मनापासून. आपल्या मातीतला घड युरोपातल्या दुकानात पोचतो, याचं अजूनही अप्रूप वाटतं.

म्हणूनच यंदा जे झालं ते लवकर लक्षात आलं नाही. थकवा तर दरवर्षीच येतो, मे महिन्यात दोन-चार दिवस निवांत झोप काढली की जातो. यंदा गेला नाही. सुट्टी घेतली, माहेरी राहून आले, परतले तरी तीच मरगळ. साधी पॅकिंग लिस्ट तीन-तीनदा वाचायची आणि तरी डोक्यात शिरायची नाही. फोनवर ओळखीच्या बागायतदाराचं नाव दिसलं की पूर्वी बरं वाटायचं, आता पोटात गोळा यायचा. सगळ्यात जास्त बोचलं ते हे की शेवटचा कंटेनर सुटला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आनंदही नाही, हुश्शही नाही.

आधी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घेतलं. हे महत्त्वाचं आहे, कारण सततच्या थकव्यामागे शरीराचं कारणही असू शकतं. त्यातून काही निघालं नाही. मग त्यांनी कामाबद्दल विचारलं, आणि बर्नआऊट हा शब्द पहिल्यांदा माझ्या बाबतीत वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची व्याख्या केली: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न सुटलेला ताण, त्यातून येणारी गळून गेल्याची भावना, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटलंय. मला त्यातला ‘कामाशी जोडलेली’ हा भाग फार कामाला आला. तोवर मी स्वतःला जास्त झोप, जास्त योगा, जास्त पाणी असंच सांगत होते.

मग साहेबांशी बोलले. छातीत धडधडत होतं, पण मागणी साधी होती: रात्रीचे फोन एकाच माणसाकडे नकोत. आता रात्रीच्या डिस्पॅचची पाळी आम्ही तिघं वाटून घेतो. रिपोर्ट, सर्टिफिकेट, कंटेनर नंबर सगळं एका शीटवर असतं, त्यामुळे मला विचारलं नाही तरी काही अडत नाही. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. पाळी नसलेल्या रात्रीही हात फोनकडे जायचा. आता जेवणानंतर तो स्वयंपाकघरातल्या कपाटावर चार्जिंगला असतो, आणि बऱ्याचदा आम्ही गोदापार्कवर एक चक्कर मारतो.

घरातल्या गोष्टी आणि त्या महिन्यांतले काही दिवस मी इथे लिहिणार नाही, ते माझ्यापाशीच राहू देत. एवढं सांगते, की एका समुपदेशकाकडे अजूनही जातेय आणि फरक पडतोय. हळू पडतोय. गेल्या आठवड्यात एका बागायतदाराने छाटणीबद्दल फोन केला, आणि अर्धा तास गप्पा कशा झाल्या ते कळलं नाही.

तुमचं असंच काही चालू असेल तर घरच्या किंवा कामावरच्या एका माणसाला तरी सांगा. ओळखीच्या माणसाशी बोलणं अवघड वाटत असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, आणि फार बिघडेपर्यंत थांबायची गरज नाही.

आणि आमच्या बागायतदार मंडळींना एक विनंती. नव्या सीझनला रात्री माझा फोन लागला नाही तर काळजी करू नका, पाळीवर जो असेल त्याचा नंबर डिसेंबरमध्येच सगळ्यांना पाठवते.