बावीस हजार

गजाननला शाळेत टॅक्सच्या कागदांसोबत होमलोनचं स्टेटमेंट द्यायचं होतं म्हणून दारव्ह्याहून येता येता त्यानं बँकेतून प्रिंट आणली. सुनीतानं कागद हातात घेतला. बचत गटाची वही तीच लिहिते, त्यामुळं आकडे दिसले की तिचं बोट खाली सरकत जाते. शेवटच्या ओळीवर थांबलं.

"अहो, हे ११,७७,५२४ काय हाय?"

"बाकी."

"बाकी? बारा लाख घेतले, वर्ष झालं, महिन्याला १०,७९७ कापतेत. सव्वा लाखाच्या वर भरले ना आपन? मंग बाकी पावणेबारा लाख कशी?"

"चुकलं असन त्याईचं," गजानन म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

पहिल्या हप्त्याची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. व्याज ९,०००. मुद्दल १,७९७. मग दोघं मोबाईलचं कॅल्क्युलेटर घेऊन बसले, ९ टक्के वर्षाचे, बारा लाखावर महिन्याचे बरोबर नऊ हजारच येत होते. चूक नव्हतीच. वर्षाचे व्याजाचे १,०७,०८८ अन् मुद्दल फिटलं २२,४७६.

"आमच्या गटात मुद्दल दर महिन्याला सारखं फिटते, व्याज उरलेल्यावर," ती म्हणाली, "इथं हप्ता सारखा, मंग आधी व्याजच खाते. पोरीची सायकल थांबवली, बाथरूमच्या टाइल्स थांबवल्या, अन् घटले किती तर बावीस हजार." तिचे डोळे भरून आले. गजानन काहीच बोलला नाही, वीस वर्षांत आपण रिटायरमेंटला टेकतो हा हिशोब त्याच्या डोक्यात आधीच झाला होता.

आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. भाव वाढन म्हणून ठेवलेला, लेकरं त्याच खोलीत झोपतात अन् पोराच्या मानेवर खाजवून खाजवून लाल चट्टे उठलेले. विकून आलेल्या पैशात कंपाउंड अन् गेट करायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं.

"गेट राहू द्या यंदा," सुनीता म्हणाली. "पन्नास हजार लोनात टाकले तं?"

दुसऱ्या दिवशी गजानन मधल्या सुट्टीत बँकेत गेला. व्याजदर फ्लोटिंग होता, म्हणून जास्तीचे भरायला दंड नव्हता. क्लार्कनं गणित करून दाखवलं, आता पन्नास हजार भरले तर शेवटचे तेवीस हप्ते गळून पडतात, म्हणजे भरलेले पन्नास हजार वजा जाता दोन लाखाच्या आसपास वाचते. त्यानं तिथूनच फोन लावला.

"फॉर्मवर दोन खाने हायेत, हप्ता कमी करायचा का मुदत?"

"मुदत! हप्ता जसा हाय तसाच राहू द्या, अन् येताना व्यापाऱ्याले सांगून या, उद्याच गाडी पाठव म्हणा."